मेम्ब्रेनचे वॉटरप्रूफ शूज की गमबूट? पावसाळ्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की आमच्याकडे हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणी सह्याद्रीत ट्रेकला निघालेलं असतं, कुणाला लोकलने ऑफिस गाठायचं असतं, तर कुणाचं भाताचं खाचर असतं. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असतं: पाय कोरडा राहत नाही. खालची उत्तरं आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी, म्हणजे पंचवीस-सत्तावीस अंश तापमान आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास दमटपणा धरून लिहिली आहेत. थंड देशातली परीक्षणं वाचून घेतलेले महागडे शूज इथे अपेक्षाभंग का करतात, ते प्रश्न ३ मध्ये आहे. वेळ कमी असेल तर आधी तेवढं वाचा.

१. मेम्ब्रेनचे शूज म्हणजे नक्की काय? ते गमबुटापेक्षा वेगळे कसे?

मेम्ब्रेन म्हणजे एक अतिशय पातळ पडदा. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार १९६९ साली बॉब गोर यांच्या प्रयोगातून निघाला. टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक झटक्याने ताणलं की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. ही छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान असतात, पण वाफेचा रेणू त्यांतून सहज जातो. दुसऱ्या प्रकारच्या पडद्याला छिद्रंच नसतात. तो पॉलियुरेथेनचा असतो, आतली वाफ शोषून घेतो आणि बाहेरच्या बाजूने सोडून देतो.

शूजमध्ये हा पडदा वरून लावलेला नसतो. मोज्याच्या आकाराची एक पिशवी शिवतात, तिच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवतात आणि ती बाहेरचं कापड किंवा चामडं आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये बसवतात. त्यामुळे बाहेरचं चामडं भिजलं तरी पाणी त्या पिशवीशी अडतं. ही पिशवी लक्षात ठेवा, पुढची बरीच उत्तरं तिच्यावरच अवलंबून आहेत.

गमबूट म्हणजे रबराचं किंवा पीव्हीसीचं सलग कवच. आपल्या बाजारातले स्वस्त गमबूट बहुतेक पीव्हीसीचे असतात, साच्यात एकसंध ओतलेले, शिवण नसलेले. फाटले नाहीत तोवर त्यांतून पाणी आत येत नाही, आणि वाफही अजिबात बाहेर जात नाही.

२. शूजवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय, तरी मोजे ओले झाले. कंपनीने फसवलं का?

तसं म्हणण्याआधी पाणी कुठून आलं ते शोधा. मोजा ओला होण्याच्या वाटा तीन: घाम, वरून शिरलेलं पाणी आणि फाटलेली पिशवी. तिन्हींच्या खुणा वेगळ्या असतात.

घामाचा ओलावा दोन्ही पायांना सारखा असतो. तो कोमट लागतो, बोटांशी आणि तळव्याशी जास्त असतो आणि हळूहळू वाढत जातो. वरून पाणी शिरलं असेल तर मोज्याची घोट्याजवळची कडच आधी भिजलेली दिसते. पाऊस पोटरीवरून किंवा पँटच्या कडेवरून ओघळून थेट बुटात जातो आणि टाचेखाली साचतो. पिशवी फाटली असेल तर बहुधा एकाच पायाला, एकाच जागी, पाण्यात पाय पडताक्षणी गार लागतं. ही जागा बहुतेक वेळा बोटांच्या मागे, जिथे चालताना बूट दुमडतो तिथे असते.

तरी शंका राहिली तर घरी तपासा. शूज पूर्ण वाळवा, आत कोरडा टिश्यू पेपर सैलसर भरा आणि त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एखादं वजन ठेवा. मग बादलीत एवढंच पाणी घ्या की ते जिभेच्या बाजूची घडी जिथे संपते त्याच्या दोन बोटं खाली राहील. अर्धा तास शूज त्यात उभे ठेवा. पेपर कोरडा निघाला तर पिशवी शाबूत आहे आणि ट्रेकला भिजलेला मोजा घामाने किंवा वरून आलेल्या पाण्याने भिजला होता. पेपर एका जागी ओला झाला असेल तर गळती तिथेच आहे.

आमच्याकडे शंका घेऊन येणाऱ्या शूजपैकी पुष्कळांची पिशवी या चाचणीत धड निघते.

३. ‘ब्रीदेबल’ म्हणून घेतले, मग कोकणात पाय का उकडतो?

कारण वाफ आपणहून बाहेर पडत नाही, तिला उतार लागतो. आत वाफ जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती पडद्यातून बाहेर सरकते. पडदा नुसती वाट देतो, ढकलत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. चालताना शूजच्या आत समजा ३२ अंश तापमान आहे आणि हवा घामाने पूर्ण भरली आहे. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३४ ग्रॅम वाफ असते. युरोपातल्या एखाद्या डोंगरात बाहेर ८ अंश आणि ८० टक्के दमटपणा असेल तर बाहेरच्या हवेत जेमतेम साडेसहा ग्रॅम वाफ असते. फरक २७ ग्रॅमचा पडतो. आता जुलैतलं कोकण घ्या: २७ अंश, ९० टक्के दमटपणा. बाहेरच्या हवेतच सुमारे २३ ग्रॅम वाफ आहे, म्हणजे फरक उरला ११ ग्रॅमच्या आत. तेच शूज, तोच पाय, पण वाफेला मिळणारा उतार निम्म्याहून कमी.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली, संततधार पावसात बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं आणि पडद्यावर पाण्याचा थर बसतो. वाफ निघून जाणार तरी कुठे? (यावर प्रश्न ९ पाहा.) दुसरी गोष्ट जाहिरातीत दिसत नाही. पायाचा सगळ्यात जास्त घाम तळव्याला येतो, आणि तळव्याखाली बहुतेक शूजमध्ये जाड फोम आणि रबर असतं. बोटांभोवती आणि टाचेभोवतीही रबराचा पट्टा असतो. म्हणजे वाफ जाण्याजोगी जागा उरते ती पायाच्या वरच्या बाजूला, आणि तिथे घाम कमी.

म्हणून आमचं स्पष्ट मत असं आहे की सह्याद्रीच्या जुलै-ऑगस्टमध्ये मेम्ब्रेन शूजना ‘कमी घाम येणारे’ म्हणून पैसे मोजू नका. ‘डबक्यातून गेलं तरी लगेच न भिजणारे’ एवढ्यासाठी मोजायचे असतील तर मोजा.

४. मग गमबुटात तर आणखी उकडत असेल?

हो, पण पावसाळ्यात हा फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो, कारण प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे समोरचा पर्यायही अर्धवटच चालत असतो. गमबुटात वाफेला एकच वाट असते, वरचं तोंड. नळी पोटरीभोवती सैल असेल तर प्रत्येक पावलाला आतली हवा थोडी दाबली जाते आणि बाहेरची आत येते. म्हणून पोटरीला घट्ट बसणारे, दिसायला छान गमबूट जास्त घामट होतात. पँट गमबुटात खोचली की ही वाट बंद होते. पावसात पँट किंवा रेनकोटचा पायजमा नळीवरून बाहेर सोडा, म्हणजे ओघळणारं पाणीही आत जात नाही.

वेळेचं म्हणाल तर सलग दोन-तीन तास गमबूट बहुतेकांना चालतात. त्यापुढे मोजा ओला होतो आणि ओल्या मोज्यातल्या पायाची कातडी मऊ, पांढरट, सुरकुतलेली दिसू लागते. ती खूण दिसली की बूट काढून पाय पुसा, मोजे बदला आणि दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे ठेवा. बुटाच्या आतलं सुटं सोल असेल तर तेही काढून पुसा, सगळा घाम त्याच्याखाली साचलेला असतो.

५. जुलैत लोणावळ्याहून राजमाचीला चालत जाणार आहे. काय घालू?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की वाट डोळ्यासमोर ठेवूनच उत्तर देतो. लोणावळ्याहून तुंगार्ली धरणाकडून राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडी गावापर्यंत साधारण पंधरा किलोमीटर. बराचसा गाडीरस्ता आहे, पण जुलैत त्यावर लाल चिखल, घोटाभर डबकी आणि आडवे वाहणारे ओढे असतात. पुढे श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले चढायचे तर निसरडा कातळ आणि गवताची वाट.

मेम्ब्रेनचे घोट्यापर्यंतचे शूज घातले असं समजू. पहिला तास सुखाचा जातो. डबकी ओलांडताना पाय कोरडा, चिखलातही कोरडा. तासाभराने घामाने मोजा दमट होतो, पण चालता येतं. मग पहिला मोठा ओढा येतो, पाणी पोटरीला लागतं आणि शूजच्या तोंडातून आत शिरतं. इथे प्रश्न १ मधली पिशवी उलटी वागते. बाहेरचं पाणी आत न येऊ देणारी पिशवी आतलं पाणीही बाहेर जाऊ देत नाही. शूज काढून, उलटे करून, मोजे पिळून पुन्हा घालावे लागतात, नाहीतर उरलेले दहा-बारा किलोमीटर पाणी घेऊन चालायचं. आणि रात्री उधेवाडीत मुक्काम केलात तर सकाळी ते शूज ओलेच असतात.

गमबूट घातले तर ओढ्यात पाणी बारा इंचांच्या खाली आहे तोवर पाय कोरडा राहतो. पण पंधरा किलोमीटर चालताना टाच आत वरखाली होते, घोट्याला आधार नसतो आणि टाचेला फोड येतो. किल्ल्याच्या चढावर साध्या पीव्हीसीचा कडक तळ ओल्या कातळावर घसरतो. या वाटेला गमबूट नको.

आमचा सल्ला तिसराच आहे: पडदा नसलेले, जाळीचे, चांगल्या खाचांच्या रबरी तळाचे शूज आणि पातळ सिंथेटिक किंवा लोकरीचे मोजे. पाय पहिल्या दहा मिनिटांत भिजतो हे मान्य करून निघायचं. ओढ्यात पाणी आत येतं आणि पुढच्या शंभर पावलांत जाळीतून निघून जातं. सत्तावीस अंशांत ओला पाय गारठत नाही. मुक्कामासाठी मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या आणि तो फक्त झोपताना घाला.

दोन सूचना मात्र तिन्ही प्रकारांना लागू. हिरव्या शेवाळावर कुठलाच तळ भरवशाचा नाही, तिथे पाऊल टाकायची जागाच बदला. आणि गुडघ्याच्या वर, वेगाने वाहणारा ओढा कुठल्याही बुटांनी ओलांडू नका. गमबुटात तर तो जास्तच धोक्याचा, कारण नळीला प्रवाह ओढतो आणि भरलेला बूट पटकन उचलता येत नाही.

६. रोज लोकलने ऑफिसला जातो. कोणते शूज बरे?

इथे मेम्ब्रेनचे शूज खरंच कामाला येतात. चालणं एकूण अर्ध्या-पाऊण तासाचं, पाणी वरून पडणारं किंवा फुटपाथवरचं आणि पुढे आठ तास पंख्याखाली किंवा एसीत. एसीतली हवा थंड आणि कोरडी असते, म्हणून प्रश्न ३ मधला उतार तिथे वाढतो आणि पाय हळूहळू सुकतो. जाळीचे शूज भिजले तर तेवढ्यात सुकत नाहीत आणि दिवसभर ओल्या पायांनी बसावं लागतं.

पण तुमच्या वाटेवर गुडघाभर पाणी तुंबत असेल तर मेम्ब्रेनचे शूज पिशवीत ठेवा. पाणी ओलांडायला गमबूट, ऑफिसात कोरडे शूज. गमबूट न्यायला जड वाटत असतील तर निदान पाय झाकणारे प्लॅस्टिकचे पावसाळी बूट घाला. तुंबलेल्या पाण्यात अनवाणी किंवा चपलेवर जाऊ नका. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्या पाण्यात येतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. अशा पाण्यातून चालावं लागलंच तर पाय साबणाने धुवा आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. बूट वरून भरला असेल तर तो घातला होता म्हणून निर्धास्त राहू नका.

७. शेतात गमबूट घालावेत का? लावणीत तर ते चिखलात रुततात.

रुततात हे खरंच आहे. चिखलणी केलेल्या खाचरात पाय उचलताना बुटाखाली पोकळी धरते, बूट चिखलातच राहतो आणि पाय बाहेर येतो. म्हणून लावणीला बहुतेक जण अनवाणी उतरतात आणि तिथे सबंध दिवस गमबूट घाला असं सांगणं व्यवहाराला धरून नाही. पायाला भेग किंवा जखम असेल तर मात्र ती झाकल्याशिवाय खाचरात उतरू नये. कारण प्रश्न ६ मध्ये सांगितलेलंच, आणि कोकणात शेतकऱ्यांना लेप्टो होतो तो बहुधा असाच.

बाकी कामांना गमबूट हवेतच: बांधावरचं गवत कापणं, गोठा साफ करणं, रात्री पाणी बघायला जाणं, कापणीनंतर पेंढा उचलणं. घोणस आणि फुरसं जमिनीवर असतात आणि चावा बहुधा पावलाला किंवा घोट्याला होतो. बारा इंचांच्या जाड गमबुटाने त्यातला मोठा भाग झाकला जातो. यासाठी मेम्ब्रेनच्या शूजचा उपयोग नाही. ते घोट्याशी संपतात, आणि गोठ्यातलं शेण, मूत्र, खताचं पाणी त्यांच्या कापडात मुरलं की धुऊनही जात नाही. गमबूट पाईपखाली धरला की स्वच्छ. घालण्याआधी मात्र उलटा करून आपटा, विंचू आणि बेडूक दोघांनाही ती जागा आवडते.

८. मोजे कोणते घालायचे? सुती चालतील ना? घाम येतो म्हणून सुतीच बरे असं घरी सांगतात.

उन्हाळ्यात चपलेवर किंवा मोकळ्या बुटात सुती ठीक. बंद बुटात नाही. सुती धागा घाम पितो आणि धरून ठेवतो. मोजा लोंबतो, त्याची घडी पडते आणि त्या घडीवर फोड येतो. सिंथेटिक मोजा फारसं पाणी धरत नाही, पण त्याला वास लवकर येतो. मेरिनो लोकरीचा पातळ मोजा ओला असतानाही फार चिकट लागत नाही, वासही कमी येतो, फक्त महाग आहे.

गमबुटात मोजा नळीपेक्षा उंच असावा, नाहीतर रबराची कड पोटरीला घासते आणि दोन दिवसांत तिथे लाल पट्टा उठतो. बिनमोज्याचे गमबूट घालू नका, मग सगळा घाम कातडी आणि रबर यांच्यामध्येच राहतो.

९. पूर्वी शूजवर पाण्याचे मोती व्हायचे, आता कापड भिजून काळं पडतं. मेम्ब्रेन गेलं का?

नाही. गेलं आहे ते बाहेरच्या कापडावरचं पाणी झटकणारं लेपन. ते पडद्यापासून वेगळं असतं आणि चिखल, घासणं, साबण यांनी एखाद्या पावसाळ्यातही उतरतं. पाणी अजून आत येणार नाही, पण ओलं कापड वाफेची वाट अडवतं, शूज जड होतात, पाय गार पडतो आणि घाम आतच साचतो. माणसाला वाटतं शूज गळतोय.

उपाय असा: लेस आणि सुटं सोल काढा, साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने चिखल पूर्ण काढा. कपड्यांची पावडर वापरू नका, तिचा अंश कापडात राहून पाणी ओढून घेतो. शूज ओलसर असतानाच शूजसाठी मिळणारा वॉटर रिपेलंट स्प्रे मारा (डब्यावरच्या सूचनेत कोरड्यावर मारा असं असेल तर तसं करा) आणि सावलीत सुकवा. चामड्याच्या शूजना घरातलं तेल किंवा भरपूर पॉलिश चोपडू नका, त्याने चामड्याची छिद्रं बुजतात आणि मग पडद्याचा असून उपयोग राहत नाही.

१०. पावसाळ्यात हे वाळवायचे कसे?

मेम्ब्रेनचे शूज आतून भिजले तर आपल्या हवेत दोन-तीन दिवस घेतात. कारण पुन्हा ती पिशवीच: पाणी एकाच बाजूने, वरच्या तोंडातून जाऊ शकतं. सोल बाहेर काढा, जीभ पूर्ण उघडा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पहिल्या दिवशी ते दर दोन-तीन तासांनी बदला. मग शूज पंख्यासमोर आडवे ठेवा, तोंड वाऱ्याकडे. चुलीजवळ, हीटरवर किंवा गॅस गिझरखाली ठेवू नका. तळाचा गोंद सुटतो, शिवणींवरची पट्टीही उचलते.

अस्तर नसलेला गमबूट पुसला की तासाभरात तयार. कापडी अस्तराचा गमबूट मात्र मेम्ब्रेनच्या शूजइतकाच वेळ घेतो, कधी जास्तच. म्हणून आम्ही पावसाळ्यासाठी बिनअस्तराचा किंवा सुट्या सोलचा गमबूट सुचवतो.

११. पाच वर्षं कपाटात नीट ठेवलेल्या ट्रेकिंग शूजचे सोल पहिल्याच ट्रेकला निघाले. असं कसं?

हे दमट हवेत फार होतं. वरचा भाग आणि रबरी तळ यांच्यामध्ये जो मऊ थर असतो तो अनेकदा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून तुटत जातो, वापरला नाही तरीही. बाहेरून शूज नवेकोरे दिसतात आणि चढावर तळ सोलून निघतो. बंद डब्यात, पिशवीत ठेवलेले शूज जास्त लवकर जातात. मोठ्या ट्रेकआधी अंगठ्याने तो थर दाबून पाहा. भुगा पडत असेल किंवा बारीक भेगा दिसत असतील तर ते शूज नेऊ नका.

पडद्याची पिशवी त्याआधी झिजते ती टाचेच्या आतल्या बाजूला. तिथे अस्तर फाटलेलं दिसलं की पडदा लवकरच जाणार. आत गेलेली वाळू आणि बोटांकडे पायाची वाढलेली नखं ही पिशवी फाटण्याची दोन मुख्य कारणं. पिशवीची दुरुस्ती चांभाराकडे होत नाही. वरून शिवण मारली तर सुई पडद्याला आणखी भोकं पाडते. गमबुटाला भोक पडलं तर रबराचा असल्यास सायकलच्या पंक्चरसारखी चकती लावता येते. पीव्हीसीला पीव्हीसीचाच गोंद लागतो.

१२. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. गमबूट सोडू का?

बूट सोडण्यापेक्षा ओलावा सोडवा. चिखल्या बेचक्यात सतत ओल राहिल्याने आणि बुरशीने होतात, आणि ओल कुठल्या बुटात साचली याने काही फरक पडत नाही. घरी आल्यावर पाय धुऊन प्रत्येक बेचकं कोरड्या फडक्याने पुसा. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा. टाल्कम पावडर जाड थापू नका, ती ओली होऊन बेचक्यात गोळा होते. आठवड्याभरात कमी झालं नाही, भेग पडली किंवा सूज आली तर डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह असणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यायची आहे. पायाची संवेदना कमी झाली असेल तर बुटातला खडा, फोड किंवा मऊ पडलेली कातडी कळत नाही. अशांनी गमबूट थोड्या वेळासाठीच घालावेत, घालण्याआधी आत हात फिरवून पाहावा आणि काढल्यावर तळवा आरशात किंवा घरच्यांकडून तपासून घ्यावा.

१३. पाण्यात वायर तुटून पडली असेल तर गमबूट शॉकपासून वाचवतो ना?

या भरवशावर पाण्यात उतरू नका. विजेच्या कामासाठी प्रमाणित केलेले बूट वेगळे असतात. पावसाळी गमबुटाची तशी तपासणी झालेली नसते. त्याला बारीक भोक असेल, आत घाम किंवा पाणी असेल, किंवा हात नुसता ओल्या खांबाला लागला तरी संरक्षण संपतं. पाण्यात खांब किंवा वायर दिसली तर वाट बदला.

१४. हेच मेम्ब्रेनचे शूज हिमालयात किंवा परदेशात नेले तर?

तिथे ते शोभतात. बर्फातून किंवा दंवाने भिजलेल्या गवतातून चालताना पाणी कडेने लागतं, वरून भरत नाही. हवा थंड असल्याने प्रश्न ३ मधला उतार मोठा असतो. आणि तिथे ओला पाय खरोखर गारठतो, म्हणून प्रश्न ५ मधला जाळीच्या शूजचा सल्ला तिथे लागू नाही. इंग्लंड-जर्मनीत राहणारे अनेक जण इथल्या ओळखीच्यांना हे शूज मनापासून सुचवतात. त्यांचा अनुभव खराच असतो, फक्त तो त्यांच्या हवेतला असतो. पुण्यातून हिमालयात जाणाऱ्यांनी मात्र नवे शूज आधी महिनाभर वापरून पायात रुळवून घ्यावेत.

१५. मुलांना शाळेत गमबूट घालून पाठवू का?

जाण्यायेण्यापुरते जरूर. पण सहा-सात तास वर्गात तेच पायात राहिले तर पाय उकडून निघतो. दप्तरात चपला आणि मोज्यांचा एक जोड द्या आणि शाळेत बदलायची परवानगी वर्गशिक्षकांकडून आधी मागून घ्या. लहान मुलांचे गमबूट ‘पुढच्या वर्षीही चालतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेतले जातात. त्यात मूल धावताना अडखळतं. अंगठ्यापुढे एका बोटाची जागा पुरे.

१६. मोठ्यांनी साइज कशी निवडायची?

गमबूट जाड मोज्यासह, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहा. उभं राहून टाच उचला. ती थोडी सुटली तर चालेल, बोटभर सुटत असेल तर फोड येणार. अर्धे नंबर सहसा मिळत नाहीत, तेव्हा मोठा घेऊन आत एक जादा सोल टाका. मेम्ब्रेनचे शूज मात्र सोल टाकून जुळवू नका. पाय वर उचलला जातो, टाच घासते आणि तिथलं अस्तर सगळ्यात आधी फाटतं. ट्रेकसाठी घेत असाल तर दुकानातल्या उतरत्या फळीवर उभे राहा. अंगठा पुढे टेकत असेल तर तो जोड परत ठेवा.